पाल्याची प्रकृती अचानक बिघडल्याने

मुलाच्या आजारपणाचा अर्ज लिहायला बसलं की मराठी पालकाच्या अंगात मंत्रालय संचारतं. 'अहो, याच्या पाठीवर फोड आलेत!' असं घरभर ओरडणारी आई कागद पुढ्यात येताच 'उपरोक्त विषयास अनुसरून' बोलू लागते. सकाळपर्यंत जे कार्टं होतं, त्याचा पाल्य होतो.

कोपरखैरण्याचा हा एक काल्पनिक, पण ओळखीचा नमुना:

'प्रति, माननीय वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी, तुकडी ब. महोदया, माझा पाल्य अचानक तापाने आजारी पडल्याने तो दि. 9 व 10 फेब्रुवारी रोजी शाळेत उपस्थित राहू शकणार नाही. तरी दोन दिवसांची रजा मंजूर करून उपकृत करावे, ही नम्र विनंती.'

शुद्धलेखन चोख, नम्रता ओसंडून वाहतेय. फक्त एक शब्द राहिला: कांजिण्या.

तो विसरलेला नसतो. ताप लिहिला की दोन दिवसांत भागतं, कांजिण्या लिहिल्या की आठवडा घरी. मग ऑफिसात कोणी सुट्टी टाकायची, यावर ठाणे लोकलच्या वेळेआधी घरात जी खडाजंगी होते, तिचा तह म्हणजे हा अर्ज. (बाईंनी रजा नामंजूर केली तर विषाणू माघारी फिरतो का, हे कोणी विचारत नाही.)

आता हिशेब बघा. फोड दिसले सोमवारी, 9 तारखेला. पण कांजिण्या फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरू लागतात. म्हणजे शनिवारी वर्गात खोकताना साहेबांनी वाटप सुरू केलं असू शकतं. नवे फोड तीन-चार दिवस येतच राहतात आणि सगळ्यांवर खपली धरायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे बुधवारी 'बरा झालेला' पाल्य पूर्ण बाह्यांच्या शर्टात ओले फोड झाकून बाकावर हजर! शनिवारी लागण झालेल्या शेजाऱ्याला फोड येणार 10 ते 21 दिवसांनी, म्हणजे 17 ते 28 फेब्रुवारीच्या दरम्यान, परीक्षेच्या तोंडावर. त्याच्याही घरून अर्ज येईल: 'अचानक तापाने.'

बाई अर्ज हजेरीपत्रकात ठेवतात. त्यांना त्यातून समजतं इतकंच, की पालक अत्यंत नम्र आहेत.

खरं तर एवढं पुरलं असतं: 'मॅडम, सोमवारी सकाळी पाण्याने भरलेले फोड दिसले. डॉक्टर म्हणतात, कांजिण्या. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्याशिवाय पाठवणार नाही. शनिवारी वर्गात असलेल्या मुलांच्या घरी कळवा. कुणाची आई गरोदर असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील, तर तिने लगेच डॉक्टरांना फोन करावा. गृहपाठ सावकाश पाठवा, त्याने अजून चौकशी केलेली नाही.'