उमेदवाराचा उद्धटपणा

हिंजवडीतल्या एका कंपनीने उमेदवाराकडून तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि जुन्या साहेबांचा फोन नंबर मागवून घेतला. नोकरीत विश्वास हवाच.

उमेदवाराने मात्र होकार देण्याआधी उलट प्रश्न विचारले. रिक्रूटर बाई दुखावल्या. धर्माची गाय आणि दात का गं नाय?

त्याने आधी विम्याचा विषय काढला. ‘तीन लाखांचं कव्हर आहे’ एवढ्यावर समाधान न मानता खोलीभाड्याची मर्यादा विचारली. ती निघाली एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. सहा हजारांची खोली घेतली तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका नाही. अशा पॉलिसीत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात, निम्माच मंजूर होतो. हे डिस्चार्जच्या दिवशी कळण्यातली गंमत आधीच घालवायची कशाला?

रजेचं धोरण ‘फ्लेक्सिबल’ होतं. आकडा नव्हता.

कामाचे तास? महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला 48 सांगतो, पण व्यवस्थापकीय पदांना ती मर्यादा नाही. म्हणून कंपनीने या नवख्याला थेट ‘असोसिएट मॅनेजर’ केलं. (पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम महत्त्वाचं, पण कायदा वाचतो कोण?) लवकरच चहा आणणारा पोरगाही व्हाइस प्रेसिडेंट, पेय विभाग होईल.

तासांविषयी सविस्तर बोलायला बाईंनी स्वतः फोन केला. रविवारी, रात्री पावणेअकराला, ऑफिसमधून.