परत करा, पण आधी उकरा

गाडीच्या एअरबॅगेत खोट निघाली की कंपनी मालकाला पत्र धाडते. २०१५ साली मॅगी दुकानादुकानांतून गोळा होऊन सिमेंटच्या भट्ट्यांत जळाली. सोयाबीनच्या बॅगेला मात्र असा मान नाही. म्हणून सेनगाव-कळमनुरीच्या शेतकऱ्यांसाठी जाहीर सूचनेचा मसुदा आम्हीच करून ठेवला आहे.

‘बाधित माल : टॅगवर अमुक लॉट नंबर असलेलं बियाणं. टॅगवर किमान ७० टक्के उगवण छापली आहे. ती छपाईपुरती समजावी. ग्राहकांनी माल परत करावा. पेरला असल्यास उकरून, माती झटकून, दाणे मोजून आणावेत.’

यात अतिशयोक्ती थोडीच आहे. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात कितीतरी शिवारांत सोयाबीन उगवलंच नाही. तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गुन्हे नोंदवण्यापर्यंत मजल गेली. दोष आदल्या ऑक्टोबरच्या पावसात होता. काढणीला आलेलं पीक भिजलं, त्यातलंच बियाणं झालं. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याला अगदी चिकटून. दाणा भिजला किंवा हमालाने बॅग आपटली तरी उगवण घटते. वरून दाणा टपोराच दिसतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आठवडाभर ठेवले की सत्तरांना तरी मोड येतात का, ते कळतं. म्हणजे कंपनीच्या मालाची तपासणी गिऱ्हाइकाने घरी करायची. नूडल्सवाल्यांना ही युक्ती सुचली नव्हती.

‘काय करावे : पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणं जपून ठेवावं.’ मूठभर कशाला? एका खटल्यात कंपनीचं म्हणणंच होतं की शेतकऱ्याने नमुना प्रयोगशाळेत का पाठवला नाही! सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो, त्याच्याकडून नमुना मागू नये. तो ग्राहक आहे, ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. तरी मूठ राखलेली बरी, निकाल घरी येईपर्यंत पुढची काढणी होते.

‘संपर्क : तालुका कृषी अधिकारी. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी.’ मग समिती शेतात येते, रोपं मोजते, पंचनामा करते. पेरणी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेली का, पुरेसा पाऊस व्हायच्या आत पेरलं का, हे विचारलं जातं. बियाण्याची जबानी सर्वांत शेवटी.

‘विशेष टीप : पाहणी होईपर्यंत शेत मोडू नये, पुरावा नष्ट होतो. दुबार पेरणी मात्र वापसा असताना लगेच उरकावी.’