दोन्ही घरचा पाहुणा

हल्ली वेब सिरीजमधला दुहेरी हेर पहिल्याच भागात ओळखू येतो. तो खिडकीशी उभा राहून फोनवर बोलतो, दार वाजलं की फोन कापतो आणि पाठोपाठ चेलो वाजतो. सहा भाग हे असं चालतं. सातव्या भागात फ्लॅशबॅक येतो आणि तोच फोन दुसऱ्या बाजूने दाखवतात. बिचारा बायकोशी बोलत होता! किंवा रावळपिंडीशी. आपण 'अरे वा' म्हणायचं अशी अपेक्षा असते. प्रेक्षकापासून अर्धा फोन लपवून ठेवायचा आणि शेवटी तो दाखवून त्याला चकवल्याचा आव आणायचा, याला रहस्य म्हणत नाहीत. ही पाकीटमारी झाली.

दुहेरी हेराची निष्ठा शेवटपर्यंत धूसर ठेवायची असेल तर काही लपवायचं नसतं. उलट सगळं दाखवायचं, फक्त दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीचे दोन अर्थ लागले पाहिजेत आणि ते दोन्ही तितकेच भक्कम हवेत. त्यासाठी लेखकाला प्रतिभेआधी एक दोनशे पानी वही लागते. पानाच्या मधोमध रेघ मारायची. हेराची प्रत्येक कृती घ्यायची. तो आपला असेल तर त्याने हे का केलं ते डावीकडे लिहायचं, त्यांचा असेल तर का केलं ते उजवीकडे. एखादा रकाना रिकामा राहिला तर त्या प्रसंगाने भांडं फोडलं. आणि रकान्यात 'कथेची गरज' असं लिहावं लागलं तर तो प्रसंग फाडून टाकायचा. (मालिकांच्या लेखकांना ही वही देऊ नये. उजवा रकाना ते जाहिरातदारांना विकतील.)

ही वही कशी भरते हे पाहायचं तर जॉन ल कारेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' घ्यावी. कादंबरी १९६३ची आहे, तेव्हा शेवट फोडल्याबद्दल आता कुणी पोलिसांत जाणार नाही.

मुन्ट हा पूर्व जर्मनीच्या हेरखात्यातला बडा अधिकारी. नाझी काळात घडलेला, थंड डोक्याचा, खुनशी माणूस. ब्रिटिशांचा बर्लिनमधला प्रमुख लीमस याची माणसं मुन्ट एकेक करून मारतो. रीमेक हा त्यातला शेवटचा. सायकलवरून हद्द ओलांडताना लीमसच्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या घालतात. आता वही उघडा. मुन्ट त्यांचा असेल तर त्याने फितुराला संपवलं, सरळ हिशेब आहे. मुन्ट आपला असेल तर? मग रीमेक जिवंत हाती लागला असता, चौकशीत बोलला असता आणि त्याला माहिती पुरवणारा वरचा माणूस मुन्टच होता हे बाहेर आलं असतं. म्हणजे त्याचं तोंड बंद करायलाच हवं होतं. एक सायकल, एक गोळीबार, आणि दोन्ही रकाने काठोकाठ भरलेले. ल कारे हा प्रसंग पहिल्याच प्रकरणात उजेडात मांडतो. वाचक फक्त उजवा रकाना वाचतो, कारण आपण लीमसच्या शेजारी उभे असतो आणि लीमस संतापलेला असतो.

लंडन लीमसला कामगिरी देतं ती मुन्टला संपवायची. दारुडा, नोकरीतून हाकललेला, वाण्याला मारहाण करून तुरुंगात गेलेला असं सोंग घेऊन त्याने शत्रूच्या गळाला लागायचं. चौकशीत अशा गोष्टी सांगायच्या की मुन्ट ब्रिटिशांचा माणूस ठरावा. खरी कारागिरी इथे आहे. लीमस मुन्टवर एकदाही आरोप करत नाही. कोपनहेगन आणि हेलसिंकीच्या बँकांत खोट्या नावाने आपण पैसे भरत होतो, ते कोणासाठी ते ठाऊक नाही, इतकंच तो सांगतो. मुन्टच्या हाताखालचा अधिकारी फीडलर त्याच्याकडून त्या बँकांना पत्रं लिहवून घेतो. पैसे काढल्याच्या तारखा मुन्टच्या परदेश दौऱ्यांशी जुळतात. फीडलर आनंदतो, तर लीमस त्याच्याशी वाद घालतो की हे शक्यच नाही, बर्लिनमध्ये असा माणूस असता तर मला कळलंच असतं. पुरावा पुरवणाराच तो नाकारतो आहे म्हटल्यावर फीडलरची खात्री दुप्पट होते. लेखकाने शिकण्यासारखी गोष्ट ही की संशय पात्राच्या तोंडी घालायचा नसतो. तो दुसऱ्याला स्वतःच्या अकलेने सापडू द्यायचा. स्वतः शोधून काढलेल्या गोष्टीवर माणूस संशय घेत नाही, आणि वाचकही शेवटी माणूसच.

खटला उभा राहतो. मुन्टचा वकील साक्षीला आणतो लिझ या लंडनच्या मुलीला. ग्रंथालयातली नोकरी, कम्युनिस्ट पक्षाची साधी सभासद, लीमसवर प्रेम करणारी. ती भाबडेपणाने सांगून टाकते की लीमसचे मित्र म्हणून स्मायली नावाचे गृहस्थ भेटायला आले होते आणि नंतर तिच्या घराच्या भाडेपट्ट्याचे पैसे कुणीतरी परस्पर भरले. झालं! ब्रिटिशांनी कट रचला होता हे उघड पडतं, मुन्ट निर्दोष ठरतो आणि फीडलरच अडकतो. वाचक म्हणतो, स्मायलीसारखा मुरलेला ब्रिटिश हेर असा ढिसाळ कसा वागला? तो ढिसाळ वागलाच नव्हता. कट उघडा पडावा हाच कट होता. मुन्ट खरोखरच लंडनचा माणूस. प्रामाणिक फीडलर त्याच्या मुळावर आला होता, म्हणून फीडलरला संपवायचं होतं. फीडलरचा पुरावा खरा होता, तो खोटा ठरवण्यासाठीच लीमसला पाठवला होता, आणि ते लीमसलाही ठाऊक नव्हतं.

मागे जाऊन वाचा, एकही वाक्य खोटं सापडत नाही. कारण ल कारे मुन्टच्या डोक्यात शिरतच नाही. दुहेरी हेराच्या मनातलं लिहायला बसलात की दोनच वाटा उरतात. खरं सांगून रहस्य घालवायचं, नाहीतर वाचकाशी खोटं बोलायचं. म्हणून बघणारा दुसरा हवा, आणि तोही फसवला जाणारा. नवशिके लेखक नेमके इथे घसरतात. त्यांना हेराच्या मनातली घालमेल लिहायची भारी हौस. तीन पानं घालमेल होते, पण तो माणूस स्वतःशी विचार करतानाही कोणत्या देशाबद्दल विचार करतो आहे ते सांगत नाही. इतकी शिस्त पाळून विचार करणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी अडचण येते ती मालाची. दुहेरी हेराने शत्रूला काही ना काही द्यावंच लागतं, आणि ते खरं असावं लागतं. आपल्याकडच्या पटकथांत तो पेन ड्राइव्ह देतो. त्यात काय असतं हे लेखकालाही माहीत नसतं. खऱ्या धंद्यात याचं शास्त्र आहे. हुआन पुजोल हा स्पॅनिश माणूस जर्मनांचा लाडका हेर होता आणि प्रत्यक्षात ब्रिटिशांचा. 'गार्बो' हे त्याचं ब्रिटिश टोपणनाव. नोव्हेंबर १९४२मध्ये दोस्त राष्ट्रांचं सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरणार होतं. गार्बोने इशाऱ्याचं पत्र पाठवलं. माहिती खरी, टपालाचा शिक्का आधीचा, फक्त पत्र पोचलं सैन्य उतरल्यावर. वरातीमागून घोडं! जर्मनांनी त्याला दोष दिला नाही, उलट त्याचं कौतुकच केलं. पुढे जर्मनांचा आयर्न क्रॉस आणि ब्रिटिशांचा एमबीई हे दोन्ही त्याला मिळाले. कादंबरीतला हेर हेच करू शकतो. माहिती अस्सल द्यायची आणि उशिराचं कारणही अस्सल ठेवायचं. मग उशीर मुद्दाम झाला की नशिबाने, यावर वाचकाला दोनशे पानं झुलवता येतं.

गार्बोच्या बाबतीत निदान मन कुठे आहे हे स्पष्ट होतं. आपल्याकडे त्याहून अवघड गडी होऊन गेला. जानेवारी १९४१मध्ये नेताजी कोलकात्याहून निसटले. पुढे पेशावरहून काबूलपर्यंत त्यांच्यासोबत गेला तो भगतराम तलवार. त्याचा भाऊ पंजाबच्या गव्हर्नरवर गोळी झाडल्याबद्दल १९३१मध्ये फासावर गेलेला. नेताजी बर्लिनला पोचले. जूनमध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्ट भगतराम रशियनांच्या बाजूला गेला, तिथून ब्रिटिशांच्याही. जर्मन मात्र त्याला आपलाच समजत राहिले. त्यांनी बिनतारी यंत्र दिलं, आयर्न क्रॉस दिला. त्या यंत्रावरून जाणाऱ्या बातम्या दिल्लीत पीटर फ्लेमिंग रचून देत होता. हा इयन फ्लेमिंगचा भाऊ, म्हणजे घराणं जेम्स बाँडचंच. आता वही उघडा आणि 'नेताजींना वाचवलं' या ओळीपुढचे दोन रकाने भरा. इथे 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा, इथूनच सुरुवात करावी लागेल. यावर सिरीज काढायची तर निर्माता पहिल्याच बैठकीत विचारेल, "पण तो देशभक्त आहे ना, तेवढं सांगा." आणि तेवढं सांगितलं की सिरीज संपली.

आता शेवटचा प्रसंग. तिथे निष्ठा ठरायची तर ती बोलून ठरत नाही. पिस्तूल रोखून दहा मिनिटं खुलासा करणारा हेर आजवर दोन्ही बाजूंशी खोटं बोलत आला आहे, तो याच वेळी खरं बोलतो आहे असं कशावरून? म्हणून शेवटी अशी कृती हवी की वहीतल्या दोन्ही रकान्यांत ती बसणार नाही आणि ती मागेही घेता येणार नाही. मुन्टची निष्ठा ल कारे शेवटाच्या थोडी आधीच सांगून टाकतो. अखेरचा प्रसंग तो लीमससाठी राखतो. लीमस आणि लिझ रात्री बर्लिनच्या भिंतीवर चढतात. लिझला गोळी लागते. पलीकडून आपली माणसं उडी मार म्हणून ओरडत असतात, एक उडी आणि सुटका. लीमस क्षणभर थांबतो आणि अलीकडच्याच बाजूला, तिच्याजवळ खाली उतरतो, आणि तिथे त्यालाही गोळ्या घालतात. लंडनसाठी म्हणावं तर हे निरुपयोगी, पूर्व जर्मनीसाठी म्हणावं तरी निरुपयोगी. तो कोणाचा, याचं उत्तर आपल्याला या उतरण्यात मिळतं, आणि ते दोन्ही सरकारांच्या कामाचं नसतं.

मुन्ट मात्र वाचला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी कचेरीत हजर झाला असणार आणि फीडलरच्या जागेसाठी नवा माणूस शोधायला लागला असणार. या खेपेला जरा कमी हुशार.