बेवारस, पण किमती

बोट चालती असेपर्यंत तिला मालक असतो. त्याचं लंडनमध्ये वा हाँगकाँगमध्ये कार्यालय असतं, बोटीचा विमा असतो, वार्षिक अहवालात तिचा रंगीत फोटो असतो आणि पर्यावरणाविषयीच्या आपुलकीचं एक पानही असतं. तीच बोट भंगारात काढायचं ठरलं की मालक कसा विरघळतो, हा सागरी व्यवहारातला खरा चमत्कार. एखाद्या मठात दाखवला असता तर भाविकांच्या रांगा लागल्या असत्या.

चमत्काराची कृती अशी. मालक बोट तोडणाऱ्याला विकत नाही. तो ती 'कॅश बायर' नावाच्या मधल्या माणसाला विकतो. बोटीचं नुसत्या धडाचं वजन, म्हणजे माल, इंधन, पाणी काढल्यावर उरेल ते, टनावर मोजायचं आणि टनामागे इतके डॉलर असा भाव लावायचा. कॅश बायर रोख मोजतो आणि बोट एका नव्या कंपनीच्या नावावर करतो. त्या कंपनीची एकूण मालमत्ता ही एवढी एकच बोट, आणि पत्ता एखाद्या बेटावरच्या टपालपेटीचा. मग झेंडा बदलायचा. कोमोरोस, पलाऊ, सेंट किट्स अशा देशांचे झेंडे बोटीच्या अखेरच्या प्रवासापुरते मिळतात. शेवटी नाव बदलायचं, तेही रंगाच्या डब्यात भागतं. 458 मीटरची, जगातली आजवरची सर्वांत लांब बोट 'नॉक नेव्हिस' तोडायला निघाली तेव्हा ती 'माँट' झाली आणि सिएरा लिओनची नागरिक झाली. आपल्याकडे बापाच्या सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याने या वेगाला साष्टांग नमस्कारच घालावा.

एवढा खटाटोप कशासाठी? तर एका अडचणीच्या कागदासाठी. विषारी कचरा एका देशातून दुसऱ्या देशात धाडायचा तर बाझल करार आडवा येतो. धाडणाऱ्या देशाने आधी कळवावं, घेणाऱ्याने होकार द्यावा, असं त्यात लिहिलंय. करार 1989 चा. पण बोट कचरा कधी होते? मालकाने मनात आणलं की. आणि मालकाने ते नेमकं खोल समुद्रात, कुठल्याच देशाच्या हद्दीत नसताना मनात आणलं, तर धाडणारा देश कोणता? करार लिहिणाऱ्यांनी बहुधा मालक बंदरातच निर्णय घेतात असं गृहीत धरलं होतं. भाबडी माणसं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे 'फ्रान्स' ही प्रवासी बोट. 1960 साली पाण्यात उतरली, लांबी 316 मीटर, नाव देशाचं, थाट राजवाड्याचा. आगीची धास्ती म्हणून भिंती, छतं, नळांची आवरणं यांत ॲस्बेस्टॉस मुबलक घातलेलं. 1979 मध्ये ती विकली गेली आणि 'नॉर्वे' झाली. 2003 च्या मे महिन्यात मायामीत तिचा बॉयलर फुटला, आठ खलाशी मेले. तिला ओढत जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला आणलं. दुरुस्ती परवडेना. 2005 मध्ये ती पुन्हा दोराला बांधून आशियाकडे निघाली. कशाला? पुढच्या उपयोगासाठी, डागडुजीसाठी. बोट जर्मनीतून निघाली तेव्हा ती कचरा नव्हती. मलेशियात पोहोचून काही महिने नांगर टाकून बसली आणि मग झाली. वय झालं की बुद्धी स्थिरावते म्हणतात, तशी तिची स्थिरावली असावी. आता तिचं नाव 'ब्लू लेडी' आणि मालक भलताच कुणीतरी.

2006 च्या फेब्रुवारीत बांगलादेशाने, ॲस्बेस्टॉस असलेली बोट आमच्याकडे नको, म्हणून तिला दार लावलं. त्याच महिन्यात आणखी एक तमाशा रंगला होता. 'क्लेमान्सो' ही फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका तोडण्यासाठी आपल्याच अलंगकडे निघाली होती. तीही ॲस्बेस्टॉसने भरलेली. इथे सर्वोच्च न्यायालयाने तिला अडवलं, तिथे फ्रान्सच्या न्यायसंस्थेने कान उपटले आणि राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी 15 फेब्रुवारीला तिला परत बोलावलं. पुढे ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तोडली गेली. आता नीट बघा. दोन्ही बोटी फ्रान्समध्येच बांधलेल्या, दोन्हींत तोच पदार्थ. एक परत गेली, दुसरी आली. कारण युद्धनौकेला नाव बदलता येत नाही, झेंडा बदलता येत नाही, आणि तिच्या मालकाला पॅरिसमध्ये निवडणुका लढवाव्या लागतात. 'ब्लू लेडी'ला परत पाठवायचं म्हटलं तरी कुणाकडे? पत्ता टपालपेटीचा.

जून उजाडला. पावसाळा तोंडावर आहे, बोटीवरच्या माणसांच्या जिवाला धोका आहे, तेव्हा माणुसकी म्हणून किनाऱ्याजवळ येऊ द्या, अशी विनंती झाली आणि न्यायालयाने ती मान्य केली. माणुसकीला नाही कसं म्हणणार? मग बोट अलंगच्या वाळूत रुतवली गेली. तारीख होती 15 ऑगस्ट. भावनगर जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी प्रचंड असते. उधाणाच्या भरतीला बोट सरळ किनाऱ्यावर चढवायची आणि पाणी ओसरलं की ती चिखलात बसून राहते. अशी बसलेली 316 मीटरची बोट पुन्हा तरंगवायला कुणी जात नाही. म्हणजे तिला तोडू द्यायचं की नाही हा वाद न्यायालयात अजून वर्षभर चालायचा होता, पण वाळूने निकाल आधीच दिला होता. सप्टेंबर 2007 मध्ये रीतसर परवानगी आली. निकालात हिशोब होता: 41,000 टन पोलाद मिळेल, 700 कामगारांना रोजगार मिळेल. बोटीतलं ॲस्बेस्टॉस तज्ज्ञांच्या समितीने बाराशे टनांच्या वर धरलं होतं, त्यातलं बरंच भिंतींच्या आणि छतांच्या तक्त्यांत. तक्ते काय, धड निघाले तर पुन्हा वापरता येतात, असंही मत आलं. काटकसर हा आपला राष्ट्रीय गुण आहे.

आता हे ॲस्बेस्टॉस काढतात कसं, ते सांगायला हवं, कारण सगळा खर्च तिथेच आहे. त्याचा धागा डोळ्यांना दिसत नाही. पांढुरक्या लेपाचा तुकडा हातात घेऊन त्यात ॲस्बेस्टॉस आहे की साधी काचलोकर, हे दहा वर्षं काम केलेला मुकादमही नजरेने सांगू शकत नाही. नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली न्यावा लागतो. असल्याचं कळलं तर ती खोली प्लास्टिकने बंद करायची, आतली हवा पंख्याने गाळणीतून ओढत राहायची म्हणजे धूळ बाहेर पडत नाही, लेप पाण्याने ओला करून अलगद सोलायचा, दोन पिशव्यांत घालून खास खड्ड्यात पुरायचा. कामगाराला पूर्ण तोंड झाकणारा मुखवटा, बाहेर पडताना अंघोळ. या सगळ्याला दिवस लागतात. याउलट इंजिनखोलीतल्या नळावरचा लेप हातोडीने ठोकून पाडला आणि गॅस कटर चालवला, तर काम दुपारच्या जेवणाआधी उरकतं. प्लॉटवाल्याने बोट टनाच्या भावाने घेतलेली असते, पैसे अडकलेले असतात, पोलादाचा भाव रोज हलतो. त्यामुळे बहुतेकदा घाईच जिंकते.

घाईची पावती उशिरा येते. 'ब्लू लेडी'च्या खटल्यातल्या समितीच्या अहवालात अलंगच्या कामगारांची तपासणी होती. ॲस्बेस्टॉसशी काम पडणाऱ्या 94 जणांच्या छातीचे एक्स-रे काढले. 15 जणांच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉसने होणाऱ्या रोगाशी जुळणाऱ्या रेषा दिसल्या. हा रोग दिसायला सहसा वीस-तीस वर्षं लागतात. तोवर ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेला कटर गावी परतलेला असतो आणि तिथला डॉक्टर क्षयाची औषधं सुरू करतो. बोटीचा मालक सापडत नाही, तसा कामगाराचा ठेकेदारही सापडत नाही; या धंद्यात विरघळणं वरून खालपर्यंत झिरपतं.

आता सगळं सुधारलंय असं म्हणतात, आणि थोडं खरंही आहे. अलंगमधल्या शंभराहून अधिक प्लॉटांनी सिमेंटची फरसबंदी केली, क्रेन आणल्या, प्रमाणपत्रं घेतली. 2009 मध्ये झालेला हाँगकाँग करार 26 जून 2025 रोजी लागू झाला. सोळा वर्षं लागली, कारण करार लागू व्हायला बोटींना झेंडा देणारे देश आणि बोटी तोडणारे देश दोघांचाही पुरेसा होकार हवा होता. आपण 2019 मध्येच होकार दिला आणि स्वतःचा कायदाही केला. नव्या करारात बोटीबरोबर विषारी पदार्थांची यादी लागते: कोणत्या भिंतीत काय, कोणत्या केबलीत काय, कोणत्या रंगात काय. जिथे नमुना घेता आला नाही तिथे 'शंका आहे' असं लिहायचं आणि विष आहे असंच समजून तोडायचं.

छान आहे. पण मालकाने एकदा बोट विकली की तोडणीत काय घडलं याचा हिशोब त्याच्याकडे मागायला कुणी जात नाही. झेंडा बदलायला करार हरकत घेत नाही. बोट वाळूत रुतवायलाही हरकत घेत नाही, म्हणजे पहिले तुकडे अजून भरतीच्या पाण्यातच पडू शकतात आणि फरसबंदी त्यांची वरती वाट पाहते. जुन्या बोटींना यादीसाठी जून 2030 पर्यंतची सवलत आहे. त्याआधी तोडायला निघाली तर मात्र यादी आधी हवी. यादी करणारा तज्ज्ञ नेमतो विकणारा, त्याचं बिल भरतो विकणारा. आणि 'शंका आहे' हे दोन शब्द किती महाग आहेत ते आपण वर पाहिलंच: एकेका खोलीला प्लास्टिक, पंखा, दोन पिशव्या, दिवस. तेव्हा तज्ज्ञ किती नमुने घेईल, आणि कुठले?

मुंबईकरांनी या बाबतीत अलंगकडे बोट दाखवू नये. 2014 मध्ये आपण 'विक्रांत' दारुखान्यात तोडली. तिचं पोलाद मोटारसायकलीत गेलं आणि जाहिरातीत अभिमानाने झळकलं. तोडताना तिच्यातून आणखी काय निघालं, याची जाहिरात करावी असं कुणालाच वाटलं नाही. 'विक्रांत'ला तर मालक होता, झेंडा होता, नावही शेवटपर्यंत तेच होतं.

अलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैलच्या मैल दुकानं आहेत. बोटींतल्या गाद्या, कपबश्या, दिवे, खुर्च्या, दारं, आरसे सगळं मिळतं, आणि मालही टिकाऊ. एखादा भिंतीचा तक्ता पसंत पडला तर दुकानदाराला एवढंच विचारा की हा आगीला दाद देत नाही म्हणता, तर आत काय भरलंय. तो सांगेल, साहेब, परदेशी माल आहे.