सोळा वाटांच्या गावात

गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यामुळे लातूरचा माणूस कशातूनही बाहेर पडू शकतो, असा माझा पक्का समज होता. तो ३१ मार्चच्या रात्री मोडला.

सीएला द्यायची बिलं शोधताना हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा करार हाताला लागला. ३० एप्रिल २०२५ला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर घेतलेलं. वर्षभरात त्यात बिलं केली सहा. बाकी सगळी पातेली वहीवरच विकली. वर्ष भरलं की ते आपोआप बंद पडेल, असं धरून मी निवांत होतो. त्या तिथीला घेतलेलं संपत नाही, हे विसरलो होतो.

मुलीनं करार वाचला. "पप्पा, मुदतीच्या तीस दिवस आधी ईमेलनं नाही कळवलं, तर पुढचं वर्ष आपोआप सुरू."

"एप्रिलात कळवू की."

"तीस दिवस आधी म्हणजे आजच."

बारा हजार, वर अठरा टक्के जीएसटी: १४,१६०. कार्डावरून ठरलेले हप्ते पंधरा हजारांपर्यंत ओटीपी न मागता कापता येतात. किंमत ठरवणारा गडी हुशार असणार. आमच्या धंद्यात एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पुढं डोकं चालत नाही.

"पण पैसे कापायच्या आधी बँकेचा मेसेज येतो ना?"

"येतो. चोवीस तास आधी. तोवर नोटिशीची तारीख जाऊन महिना झालेला असेल."

"मग ऑटोपेच बंद करून टाक."

"ते करूच. पण त्यानं फक्त पैसे थांबतील, करार नाही. नळाला पाणी आलं नाही म्हणून पाणीपट्टी माफ होती का?"

लातूरकराला याहून सोपं करून कुणी सांगू शकत नाही.

नोटीस नोंदवलेल्या ईमेलवरूनच पाठवायची होती. तो ईमेल काढला होता विक्रीला आलेल्या पोरानं, माझ्याच फोनवर, चहा पिता पिता. पासवर्ड कुणाला माहीत? माझं नाव झालं, दुकानाचं झालं, नावापुढं एकदोनतीन झालं. शेवटी मोबाइलवर ओटीपी आला आणि दार उघडलं. आत वर्षभराची एकशे बारा न वाचलेली पत्रं, त्यातली निम्मी माझ्या 'यशस्वी प्रवासा'बद्दल.

मी नमस्कार विनंती विशेषपासून सुरुवात केली. मुलीनं ते सगळं खोडलं. ग्राहक क्रमांक, कराराची तारीख, "नूतनीकरण नको, पोच द्या," इतक्या तीन ओळी ठेवल्या. अकरा वाजून अठरा मिनिटांनी पत्र गेलं. मग पाठवलेल्या पत्राचा फोटो काढला, आणि त्यानंतर ऑटोपे बंद केलं.

वडिलांची चोपडी पाडव्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय नवी होत नसे. ती स्वतःहून कधी नवी झाली नाही.

दोन दिवसांनी पोच आली. लगोलग फोनही आला, तोच पोरगा, तोच गोड आवाज: "काका, तुमच्यासाठी खास आजन्म योजना आणलीय."

"ये," म्हटलं, "चहा घे. फोन मात्र तुझाच वापर."