बुडबुडा मधोमध

२०२३ पासून अंतरवाली सराटी हे नाव उभ्या महाराष्ट्राला पाठ झालं. बाहेरगावचा पाहुणा आला की आधी उपोषणाची जागा कुठली ते विचारतो. गावात माझा गोठाही आहे, पण त्याची चौकशी कुणी करत नाही. केली तर दाखवणं भागच पडेल, म्हणून मीही विषय काढत नाही.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. काम कारकुनी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या फायली मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचवल्या, प्रत्यक्ष पाण्याशी संबंध फक्त माठापुरता. पण गावाला खात्याचं नाव दिसतं, टेबल दिसत नाही. त्यामुळं पाणी कुठून कुठं जाईल हे मला कळतं, असा लोकांचा समज झाला आणि हळूहळू माझाही झाला.

निवृत्तीनंतर दोन संकरित आणि दोन गावरान गाई घेतल्या आणि गोठा बांधायला काढला. रोजगार हमीतून गोठ्याला अनुदान मिळतं. फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांसाठी ७७,१८८ रुपये धरले आहेत. पेन्शनरला जॉबकार्ड कोण देणार? तेव्हा पैसे सोडून मी नुसती मापं घेतली: लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, शेजारी मूत साठवायला २५० लिटरचं टाकं. मापं उत्तम होती. शासनानं त्यांच्या आत काय करायचं ते माझ्यावर सोडलं, तिथं घोटाळा झाला.

गवंडीमामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ढाळ किती ठिवायचा?"

"ढाळ कशाला? जमीन कशी आरशासारखी पायजे," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग गाईकडं पाहिलं आणि तंबाखूची चिमूट तोंडात सोडली. पगार मी देणार होतो.

कोबा पडला. मी लेव्हलची पट्टी घेऊन कानाकोपऱ्यात बसलो आणि जिथं बुडबुडा मधोमध येईना तिथं पुन्हा माल टाकायला लावला. वरून सिमेंटची घोटाई अशी करवली की सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, गाई बांधायच्या का लग्न लावायचं?" शेण-मूत वाहून न्यायला मागं नाली काढली. ती वीतभर रुंद आणि हातभर खोल, म्हणजे घाण दिसायलाच नको. गव्हाण मात्र काटकसरीनं केली. भिंतीच्या विटा वाचाव्यात म्हणून तिचा तळ जमिनीतच खोदला, गाई उभ्या राहतात त्याच्याही खाली. आतून खरबरीत गिलावा, कोपरे काटकोनात. गाय काय कोपरे बघते, असा विचार.

गाईला कोपरे दिसत नसतील, पण बाकी सगळं तिला पायाच्या खुरांनी कळतं. आमची मोठी संकरित गाय, जिला घरात सगळे मॅडम म्हणतात, पहिल्या दिवशी आत आली, तिनं एक खूर त्या आरशावर ठेवला, तो सर्रकन पुढं गेला आणि ती तशीच मागं फिरली. मग चौघांनी ढकलून आत घेतली. आत आल्यावर ती उभीच. बसायला घाबरायची, कारण बसलेली गाय उठताना आधी मागचं अंग उचलते आणि गुडघ्यांवरून जोर देऊन पुढं झेप घेते. त्या वेळी खूर धरला नाही तर मांडी फाकते. धडधाकट गाय दिवसाचे दहा-बारा तास बसते, त्यात रवंथ करते. मॅडम करत नव्हत्या. शेवटी दमून बसल्या तेव्हा जिथं बसल्या तिथं मूत होतं.

ते तिथं असणारच. जमीन सपाट, मग मुताला जायचं कुठं? बुडबुड्यासारखंच तेही मधोमध थांबलं. त्यात शेण मिसळलं, गाई त्यात बसल्या, मांड्या आणि कास रबडीनं माखली. नालीत शेण गेलं ते वीतभर रुंदीत अडकलं. फावडं आत शिरेना, झाडू तळाला पोचेना. धाकट्या गावरान गाईचा मागचा पाय एकदा त्यात गेला, तो काढायला अर्धी गल्ली लागली. गव्हाणीचा तळ खुरांच्या खाली असल्यामुळं गाई पुढचे पाय फाकून, कधी गुडघे टेकून खात. कोपऱ्यांत उरलेली पेंड आंबायची आणि माश्यांची तिथं जत्रा भरायची.

पाऊस लागल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर काही बांधायचं तर ती हातभर तरी उकरून टाकावी, मुरूम थरांथरानं भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकावा. मी मुरूम ट्रॉलीतून एकदम ओतून घेतला होता आणि ठोकायचं काम माझ्या विश्वासावर सोडलं होतं. मधली जमीन बसली. आता कोब्याला ढाळ आला, पण तो सगळीकडून मधल्या खड्ड्याकडं. कालव्याच्या फायली वाहिलेल्या माणसाच्या गोठ्यात अखेर तळं झालं.

मग मॅडमच्या एका सडातून पहिल्या धारेला दुधाच्या गाठी पडल्या. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी कास दाबून पाहिली आणि म्हणाले, "दगडी." औषध लिहून देताना त्यांनी गोठ्यावर नजर टाकली आणि मला जे सांगितलं, ते मी आजही कुणालाही तोंडपाठ म्हणून दाखवतो. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तासभर उघडं राहतं. त्या वेळात गाय ओल्यात बसली की जंतू थेट आत. म्हणून धार झाली की गव्हाणीत ताजी वैरण टाकायची, म्हणजे ती खात उभी राहते. "पण काका," ते म्हणाले, "गुडघे टेकून खाणाऱ्या गाईला उभं कसं ठेवणार?"

मी गवंडीमामांकडं गेलो. त्यांनी 'मी सांगितलं होतं' हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. बसायला पाट दिला आणि चहा मागवला, त्यामुळं मला जास्तच लागलं.

या खेपेला पट्टी माझ्याकडून काढून घेण्यात आली. सगळा कोबा फोडला. मुरूम ठोकून घेतला, वर दगडी सोलिंग, मग काँक्रीट. मामांनी पारदर्शक नळीत पाणी भरून गव्हाणीपासून नालीपर्यंत खुणा केल्या आणि म्हणाले, "दोन बोटं ढाळ." मी घरी येऊन कागदावर मांडलं: गाईची उभी राहायची जागा सुमारे १.७ मीटर, चाळीसाला एक असा ढाळ पुस्तकात सांगतात, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर. मामांची दोन बोटं जवळजवळ तेवढीच भरली. तीन-चार बोटं ठेवली तर पाणी आणखी पळेल, असं मी सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, गाभण गाय कायम उतरंडीला उभी राहिली की पोटाचा भार मागं येतो आणि व्यायच्या सुमाराला अंग बाहेर यायची भीती वाढते. माझी सूचना मी फायलीला लावली.

नाली आता फूटभर रुंद आणि जेमतेम तीन बोटं खोल आहे, तळ गोलसर, फावडं तिच्यातून एका दमात जातं. खूर पडला तरी मोडत नाही. लांबीनं तिला शंभराला एक ढाळ, म्हणजे टाक्याच्या टोकाशी ती आठेक सेंटिमीटर खाली आहे. मागची वाटही नालीकडं झुकवली. ओल्या काँक्रीटवर मामांनी झाडू ओढून खरखरीतपणा आणला आणि वाटेवर बोटभर रुंद चरांच्या तिरक्या चौकटी पाडल्या. फार खोल नको, नाहीतर शेण त्यात बसतं. फार धारदारही नको, खूर झिजतात. मग बादलीभर पाणी ओतलं आणि जिथं ते रेंगाळलं तिथं खडूनं गोल काढले. सिमेंट पुरतं मुरायच्या आत ते गोल बुजवले. पहिल्या खेपेला मी पाणी ओतलं असतं तर सगळ्या गोठ्याभोवती एकच गोल काढावा लागला असता.

गव्हाणीचा तळ खुरांपासून चार-पाच बोटं वर घेतला. गाय चरताना मान खाली घालते, तशीच पण ताण न येता ती खाली जावी, एवढाच हिशेब. गाईकडची भिंत अशी की गळा घासू नये. आतले कोपरे गोल केले, एका टोकाला धुण्याचं पाणी जायला बूच. मुरघासाच्या आंबटपणानं सिमेंट खातं, म्हणून आतून न्हाणीघराच्या उरलेल्या चकचकीत टाइल्स लावल्या. जी गुळगुळीत घोटाई मी जमिनीला केली होती तिची जागा खरं तर इथं होती. टाइल्सवर द्राक्षांचे घोस आहेत. कुट्टी संपली की मॅडम बराच वेळ ते चाटतात.

एक अडचण मामांच्याही हिशेबाबाहेर निघाली. संकरित गाई लांब, गावरान आखूड. मॅडमच्या मापानं जागा ठेवली तर गावरान गाय पुढं उभी राहून शेण जागेवरच टाकते आणि त्यातच बसते. तिच्या मापानं ठेवली तर मॅडमचे मागचे खूर नालीत आणि कास काठावर. उपाय मामांनीच काढला: नाली तिरकी पाडायची. गव्हाण सरळ, पण एका टोकाला उभं राहायची जागा १.५ मीटर, दुसऱ्या टोकाला १.८. गाई उंचीनं नव्हे, लांबीनं ओळीत बांधायच्या. ६० सेंटिमीटर गव्हाण, ३० सेंटिमीटर नाली वजा करून मॅडमच्या मागं वाटेला ८० सेंटिमीटर उरतात. तिथं ढकलगाडी नेताना माझी कोपरं भिंतीला लागतात, पण ती तक्रार ऐकून घेणारं कुणी नाही.

मी लगेच वहीत यादी केली: अनुक्रमांक, नाव, अंगाची लांबी, सध्याचे ठिकाण. जागा बरोबर आहे का ते सकाळी मांड्या पाहून कळतं. मांडी शेणानं माखली असेल तर जागा लांब होतेय, मागचे खूर ओले असतील तर आखूड. आता गावरान गाईची कालवड वाढली आहे आणि रोज सकाळी तिचे मागचे खूर ओले निघतात. म्हणजे तिला एक खुंटी पुढं, मॅडमशेजारी सरकवायला हवं. प्रस्ताव मी रीतसर मांडलाय. सौभाग्यवती मंजुरी देत नाहीत. त्यांचं म्हणणं, मॅडम शेजारणीची पेंड खातात. आधी गव्हाणीत मधे आडवी भिंत घाला, मग बदली करा. मामांना विचारलं, तर ते म्हणाले, भिंत होईल, पण टाइल्स द्राक्षाच्या मिळणार नाहीत, आता आंबे चालू आहेत.