बेरीज बरोबर आहे, हीच तक्रार आहे

प्रति,
पान क्रमांक 3 चे रचनाकार,
बिल विभाग, एक नामांकित मोबाइल कंपनी

महोदय,

(किंवा महोदया. बिलाच्या तळाशी 'हे संगणकनिर्मित असल्याने सहीची आवश्यकता नाही' एवढेच छापलेले असते, त्यामुळे मायन्यात चूक झाल्यास दोष सहीचा समजावा.)

माझी उभी हयात लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीनंतर नातेवाईक माझ्याकडे अडचणीची कागदपत्रे पाठवतात. माझी भाची जानेवारीच्या अखेरीस दुबईला जाऊन आली आणि 7 फेब्रुवारीला तिला आपले 4,911 रुपये 16 पैशांचे पोस्टपेड बिल आले. 'मामा, माझा प्लॅन 499 चा आहे ना?' एवढाच प्रश्न लिहून तिने ते मला पाठवले. मी लाल पेन घेऊन बसलो आणि आपल्या प्रेमात पडलो. चहापाण्याच्या खर्चातही बेरीज चुकवणारी खाती मी पाहिली आहेत. आपल्या बिलात पैशाचाही फरक नाही. सगळा ताळा बसतो आणि तरीही वाचणाऱ्याला काही कळत नाही. हे कोणा येरागबाळ्याचे काम नव्हे.

पहिल्या ओळीपासूनच दाद द्यायला हवी. 'मासिक भाडे 499.00' या ओळीसमोर बारीक अक्षरात 7 फेब्रुवारी ते 6 मार्च लिहिले आहे, आणि तिच्याखालच्या सगळ्या वापराचा काळ आहे 7 जानेवारी ते 6 फेब्रुवारी. म्हणजे भाडे पुढच्या महिन्याचे आगाऊ, वापर मागच्या महिन्याचा, आणि दोन्ही एकाच बेरजेत. यात बेकायदा काही नाही. पण नव्या ग्राहकाचे पहिले बिल किंवा मधेच प्लॅन बदलल्यावरचे बिल नेहमीपेक्षा फुगलेले का दिसते, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. जुन्या प्लॅनचे उरलेल्या दिवसांचे भाडे वजा होते, नव्या प्लॅनचे तेवढ्या दिवसांचे लागते आणि त्यावर पुढचा पूर्ण महिना आगाऊ बसतो. तीन ओळी सुट्या वाचल्या की राग निवळतो. आपण त्या सुट्या वाचू देत नाही, हा भाग वेगळा.

पुढची ओळ: 'डेटा अ‍ॅड-ऑन 100.00'. भाचीचा महिन्याचा डेटा 5 फेब्रुवारीला संपला, म्हणून तिने शंभर रुपयांत 20 जीबी घेतले. तिला वाटले, महिनाभर पुरतील. ते 6 फेब्रुवारीच्या मध्यरात्री संपले, कारण या अ‍ॅड-ऑनची मुदत घेतल्या दिवसापासून मोजली जात नाही, ती बिल सायकलबरोबर संपते. सायकलच्या पहिल्या दिवशी घेतले असते तर तेच 20 जीबी महिनाभर चालले असते. 7 तारखेला नवा कोटा मिळणारच होता, म्हणजे तिने शंभर रुपये दोन दिवसांसाठी मोजले. शिवाय अ‍ॅपमध्ये 'ऑटो-रिन्यू'ची खूण आधीच केलेली होती. ती काढली नसती तर पुढच्या महिन्यात गरज नसतानाही शंभर रुपये लागले असते. आपल्या या तत्परतेला नमस्कार.

'मूल्यवर्धित सेवा 49.00' ही कॉलर ट्यून निघाली. ती लावल्याचे भाचीला आठवत नाही. अशा सेवेसाठी ग्राहकाची दुसऱ्यांदा, स्वतंत्र संमती घ्यावी असे ट्रायचे 2013 चे निर्देश आहेत आणि ती बंद करायला 155223 हा सर्व कंपन्यांसाठी एकच मोफत क्रमांक आहे. तो आपण बिलावर छापता, पण माझा चष्मा काढून भिंग लावावे लागेल एवढ्याच आकारात.

आता खरे पान 3.

'आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक, 5 दिवस, 2,499.00'. हे कबूल, तिने स्वतः घेतला होता. त्याखाली 'पॅकबाहेरील वापर 1,015.00'. भाची म्हणते, मी दुबईत 28 जानेवारीच्या रात्री उतरले आणि 1 फेब्रुवारीच्या रात्री विमानतळावर पोहोचले. बोटे मोजून पाच दिवस होतात. मग पॅकबाहेर काय राहिले?

मी तपशिलाची यादी उघडली. त्यात 1 फेब्रुवारी, वेळ 22:34 पासून, डेटा 1,638 केबी, आकार 820 रुपये. त्याच रात्री 22:50 ला येणारा कॉल 1 मिनिट, 75 रुपये. आणि पुन्हा 22:50 लाच भारतात केलेला कॉल 1 मिनिट, 120 रुपये. तारीख 1 फेब्रुवारी, पॅक 1 फेब्रुवारीपर्यंत, रात्रीचे बारा वाजायला तासाहून जास्त वेळ बाकी. लेखापरीक्षक म्हणून मी आनंदाने लाल खूण केली आणि दुसऱ्या दिवशी ती पुसली. कारण नियम-अटींच्या पानावर एक वाक्य सापडले: पॅकचा दिवस भारतीय वेळेनुसार मोजला जाईल.

काही पॅक परदेशी नेटवर्क पहिल्यांदा पकडल्यापासून चोवीस-चोवीस तास मोजतात, काही भारतीय वेळेच्या मध्यरात्री दिवस पुरा करतात. हा दुसऱ्या जातीचा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. भाचीचा फोन दुबईत रात्री दहा वाजता सुरू झाला तेव्हा भारतात साडेअकरा झाले होते, त्यामुळे 2,499 रुपयांतला पहिला 'दिवस' अर्ध्या तासाचा होता. पाचवा दिवस भारतातल्या मध्यरात्री, म्हणजे दुबईच्या साडेदहाला संपला. त्यानंतर चारच मिनिटांनी तिने विमानतळावरून चुलत भावंडांना फोटो पाठवायला घेतले. आणि कौशल्य पाहा: यादीतल्या वेळा दुबईच्या स्थानिक घड्याळाने छापल्या आहेत, पॅकची मुदत मात्र भारतीय घड्याळाने. दोन घड्याळे एकाच पानावर आणि कोणत्या रकान्यात कोणते, हे कुठेही लिहिलेले नाही. दीड तास मिळवून वाचले की 22:34 चे 2 फेब्रुवारीचे 00:04 होतात आणि आपण निर्दोष सुटता.

820 चा हिशोबही आपण काटेकोर केला आहे. पॅकबाहेर डेटाचा पल्स 10 केबीचा, पाच रुपये पल्स. 1,638 केबी म्हणजे 163 पूर्ण पल्स आणि एक अपुरा, तोही पूर्ण धरून 164. मोजके फोटो गेले असतील, त्यानंतर आपलाच 'मर्यादा ओलांडली' हा मेसेज आला आणि तिने डेटा बंद केला. तो मेसेज चार मिनिटे आधी येऊ शकला असता, असे मनात आले. पण मी जुन्या वळणाचा माणूस आहे, तंत्रज्ञानाकडून जास्त अपेक्षा ठेवत नाही.

कॉलच्या दोन ओळींवर माझ्या बहिणीचा विश्वास बसेना. 'विमानात बसलीस का' हे विचारायला ती मध्यरात्र उलटून गेल्यावर जागी राहिली, फोन लावला, तर भाची सुरक्षा तपासणीच्या रांगेत. तिने उचललाच नाही. मग पैसे कशाचे? महोदय, हे आपण सांगायला हवे होते, मीच सांगतो. फोन न उचलल्यास तो व्हॉइसमेलकडे वळवण्याची सोय भाचीच्या नंबरवर चालू होती आणि व्हॉइसमेल भारतात आहे. बहिणीचा कॉल भारतातून दुबईला गेला, तिथे वाजला आणि तिथून पुन्हा भारतात व्हॉइसमेलला आला. जाण्याचा तो येणारा कॉल, परतण्याचा तो जाणारा कॉल. बहिणीने अर्धा मिनिट निरोप ऐकला, तोही भारतातच, आणि दोन्ही बाजूंना मिनिटाचा पूर्ण पल्स लागला. एकाच वेळेच्या दोन ओळी, एक 'इन' आणि एक 'आउट', अशी जोडी दिसली की ती बहुधा हीच. परदेशी जाण्यापूर्वी फोनच्या सेटिंगमधून कॉल फॉरवर्डिंग बंद करणे हा त्यावरचा उपाय, आणि तो निघण्यापूर्वीच करायचा.

एक बरे झाले, विमानात तिने फोन एअरप्लेन मोडवर टाकला. काही विमानांत आणि समुद्रावरच्या मोठ्या जहाजांवर उपग्रहावरून चालणारे स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते. पॅकच्या लेखी ते नेटवर्क दुबईतही नसते आणि भारतातही नसते, त्यामुळे साधा देशाचा पॅक तिथे सहसा चालत नाही.

आणखी एक. परदेशी कंपनी स्वतःच्या नेटवर्कवरच्या वापराच्या नोंदी फाइल करून इथल्या कंपनीकडे पाठवते. ती उशिरा आली की फेब्रुवारीचा कॉल मार्चच्या बिलात उगवतो. त्यामुळे 'मी तर परत आले होते' असे म्हणण्याआधी बिलाची तारीख सोडून वापराची तारीख पाहावी, हे मी भाचीला आपल्या वतीने समजावले. माझी फी नको.

राहिला कर. 499, 2,499, 1,015, 100 आणि 49 मिळून 4,162. त्यावर केंद्राचा जीएसटी 9 टक्के 374.58 आणि राज्याचा तेवढाच. मेव्हण्यांनी विचारले, दुबईत केलेल्या वापरावर महाराष्ट्राचा कर का? कारण पोस्टपेडमध्ये सेवा पुरवल्याचे ठिकाण म्हणजे बिलाचा पत्ता, आणि तो पुण्याचा आहे. 1 जुलै 2017 पूर्वी याऐवजी सेवाकर होता, दोन उपकरांसह 15 टक्के. इथे आपली चूक नाही; आपला विनोद जाहिरातीत आहे. प्रीपेडचे 499 करासह असतात, म्हणजे कंपनीकडे त्यातले 422.88 राहतात. पोस्टपेडचे 499 करापूर्वीचे, प्रत्यक्षात 588.82. फलकावर दोन्ही आकडे सारख्याच ठळक अक्षरांत असतात.

तर माझे म्हणणे एवढेच. पॅक सुरू झाल्यावर भाचीला आलेल्या मेसेजमध्ये '5 दिवस' लिहिले होते. 'दुबईच्या वेळेनुसार 1 फेब्रुवारी रात्री साडेदहापर्यंत' असे लिहायला एक ओळ पुरली असती. ही माहिती फक्त आपल्याकडे होती, म्हणून 1,015 रुपये परत मिळावेत, अशी तक्रार आम्ही 198 वर नोंदवून डॉकेट क्रमांक घेतला आहे. उत्तर न पटल्यास आपल्याच कंपनीतल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येते आणि त्यांना 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ग्राहक आयोग अशा तक्रारी ऐकू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे, हे आपल्यालाही ठाऊक असेलच.

पुढचे बिल 7 मार्चला येईल. त्यात 1,015 रुपये जमा दाखवलेत, तर मी पुन्हा पत्र लिहीन. त्या रकमेवर वसूल केलेला 182 रुपये 70 पैसे जीएसटीही परत यायला हवा, म्हणजे जमा 1,197.70 ची असली पाहिजे.

आपला,
ग्राहकाचा मामा
(निवृत्त लेखापरीक्षक, सही केलेली आहे)